बाळासो पोवार ऊर्फ बाळासाहेब पवार

कोल्हापूर जिल्ह्यात माणसाचं एका नावावर भागत नाही. सातबाऱ्यावर तो बाळासो असतो, आधार कार्डावर बाळासाहेब, रेशन कार्डावर बाळू आणि गल्लीत नुसता पैलवान, मग आयुष्यात तालमीची पायरी चढलेला नसला तरी चालतं. यातला 'सो' हा आमच्या भागाचा खास शोध. बाकीच्या महाराष्ट्रात साहेबांना साहेबच म्हणतात. आम्ही त्यांना आटवून आण्णासो, बाबासो, रावसो, दादासो केलं. लग्नपत्रिकेत त्यामुळे जागा वाचते, आणि भाऊबंदांची यादी बघता ती वाचवावीच लागते. गावात या चार नावांनी कुणाचं काही अडत नाही. साखर कारखाना बिल काढतो, सोसायटी कर्ज देते, डेअरी दूध घेते. अडतं ते कोर्टात. कोर्टाला एक माणूस एकाच नावाचा लागतो, आणि हायकोर्टाला तो इंग्रजीत लागतो.

त्यात आडनाव पोवार असेल तर बघायलाच नको. बाहेरच्या माणसाला वाटतं, हे 'पवार' लिहिताना हात घसरून झालंय. असं तोंडावर बोललात तर कोल्हापुरी माणूस आधी तुम्हाला बसायला पाट देईल, चहा सांगेल आणि मग तासभर पोवार म्हणजे कोण हे ऐकवेल. इंग्रजीत Powar लिहिलं की संगणक त्याच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढतो. Pawar लिहिलं की गप्प बसतो. टायपिस्ट हा शांतताप्रिय प्राणी असल्यामुळे जे लिहिल्यावर संगणक गप्प बसतो तेच लिहितो.

याचिकेचं पहिलं पान म्हणजे कॉज टायटल. तालुक्याच्या कोर्टात त्यालाच नुसतं शीर्षक म्हणतात. वर कोर्टाचं नाव, मग याचिकेचा नंबर, मग कोण विरुद्ध कोण. प्रत्येकाचं नाव, वय, धंदा आणि राहणार कुठला. वयाच्या जागी 'सज्ञान' लिहिलं की पंचविशीपासून नव्वदीपर्यंत सगळे त्यात बसतात. धंद्याच्या जागी पुरुषाला 'शेती' आणि बाईला 'घरकाम', मग ती बाई हायस्कूलची मुख्याध्यापिका का असेना. हे पान कुणीच वाचत नाही. वकील रात्र जागवतो ती आतल्या मुद्द्यांवर. पक्षकार थेट शेवटच्या पानावर जाऊन सही करतो. टायपिस्ट मागच्या याचिकेचं पहिलं पान उघडतो आणि जुन्या नावांच्या जागी नवी बसवतो. मग एखाद्या वेळी जुन्यातला एखादा सामनेवाला नव्या याचिकेत मुक्कामाला राहतो, आणि ज्यानं राधानगरी फक्त धरणाच्या सहलीत पाहिलं अशा शिरोळच्या माणसाला राधानगरीतल्या जमिनीची नोटीस जाते.

तर प्रकरण साधं होतं. बांधाचं. आमच्याकडे सगळी प्रकरणं बांधाचीच असतात, फक्त कुठल्या बांधाची एवढंच विचारायचं. आमचे पक्षकार तात्या वादी. त्यांचे चुलतभाऊ आणि पुतणे मिळून पाच प्रतिवादी. तात्यांचं म्हणणं, कोर्ट कमिशनर नेमून सरकारी मोजणी करून घ्या. खालच्या कोर्टानं तो अर्ज नामंजूर केला, म्हणून राज्यघटनेच्या २२७व्या कलमाखाली हायकोर्टात रिट. पाचांतले चौथे सामनेवाले खालच्या कोर्टाच्या कागदावर होते 'बाळासो ज्ञानदेव पोवार'. (गावोगाव शेकड्यांनी सापडेल असं हे नाव मी मुद्दाम घेतलंय, खरं वेगळंच होतं.) याचिकेत ते उतरले Balasaheb Dnyanu Pawar असे. नाव, बापाचं नाव, आडनाव. तीन शब्द, तिन्ही चुकलेले, आणि तिन्ही वाचणाऱ्याला जवळपास बरोबरच वाटतील असे चुकलेले.

ही चूक सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे ऑफिस ऑब्जेक्शन. याचिका दाखल झाली की तिला आधी कच्चा नंबर मिळतो, त्याला स्टॅम्प नंबर म्हणतात. मग रजिस्ट्रीतला माणूस पानं चाळून हरकती काढतो: अमुक पान अस्पष्ट, तमुक मराठी कागदाचं भाषांतर नाही, वकीलपत्रावर तिकीट नाही. या टप्प्यावर नावातली गफलत नजरेला आली तर बाकीच्या हरकतींबरोबर तीही बहुधा तिथल्या तिथे निघते. वकिलाची सही मारली की काम झालं. पण रजिस्ट्रीतला माणूस तपासतो ते नाव आहे का, पत्ता आहे का आणि पानं ओळीनं आहेत का. ज्ञानू हे ज्ञानदेवचंच लाडकं रूप की भलताच माणूस, हे त्यानं कुठून ओळखावं? याचिका पार झाली, पक्का नंबर पडला आणि तिथून पुढे एक वेलांटी हलवायची तरी कोर्टाची परवानगी लागणार.

दुसरी जागा म्हणजे बेलीफ. हायकोर्टाची नोटीस खालच्या कोर्टाच्या बेलिफामार्फत गावात जाते. बेलीफ गेला, चावडीपाशी चौकशी केली, त्याला लोकांनी बरोबर घरी नेलं. गावाला बेलीफ कुणाकडे आलाय हे बेलिफाच्या आधी माहीत असतं. बाळासोंनी चष्मा लावून नोटीस वाचली आणि म्हणाले, "ह्यो पवार कोन? आमी पोवार. आन ज्ञानू आमच्या चुलत्याचं नाव. आमच्या वडलांचं ज्ञानदेव." बेलिफाला चहा मिळाला, सही मिळाली नाही. त्यानं अहवाल लिहिला की, सदर नावाचा इसम सदर पत्त्यावर मिळून आला नाही, त्याच पत्त्यावर बाळासो ज्ञानदेव पोवार नावाचा इसम मिळून आला, परंतु नोटीस आपली नसल्याचे त्याने सांगितले. बेलिफांची मराठी मला फार आवडते. त्यांच्या अहवालात माणूस कधी भेटत नाही, 'मिळून येतो'.

आता बाळासोंना काय नोटीस कुणाची ते कळलं नव्हतं? चांगलं कळलं होतं. गट नंबर त्यांचा, गाव त्यांचं, बाकीचे चार सामनेवाले त्यांच्याच ओसरीवर बसलेले. पण ज्या माणसाला मोजणी नको असते त्याला आपल्या आडनावाचा अभिमान फार लवकर आठवतो.

तात्या माझ्या ऑफिसात आले ते याचिकेचं पहिलं पान बोटात धरूनच. म्हणाले, "वकीलसाहेब, एवढंच की ओ, पेनानं काना काढायचा नि मात्रा घालायची. द्या हिकडं, मी करतो." त्यांना समजावून सांगायला लागलं की दाखल झालेली याचिका हा कोर्टाचा कागद. त्यावर आपण मनानं मात्रा घातली तर बाळासोंचे वकील सगळं सोडून तेवढ्या मात्रेवर बोलतील आणि ऐकणाऱ्याला त्यांचंच पटेल.

कायदा मात्र या बाबतीत मोठ्या मनाचा आहे, हे लोकांना माहीत नसतं. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६ नियम १७ प्लीडिंगच्या दुरुस्तीसाठी आहे, आणि कलम १५३ सांगतं की कामातला कुठलाही दोष कोर्ट केव्हाही दुरुस्त करू शकतं. रिट याचिकेला ही संहिता जशीच्या तशी लागत नाही, पण तिच्यातलं तत्त्व लागतं. याबाबतचा सगळ्यांत जास्त वापरलेला निवाडा एका लाकूड व्यापाऱ्याचा आहे. नैनितालच्या कोर्टात मनोहरलाल नावाच्या गृहस्थांनी १९५० साली दावा लावला, तो गुडगावच्या एका कंपनीकडून लाकडाचे पैसे यायचे होते म्हणून. दावा लावला तो मात्र दुकानाच्या नावानं. दुकानाचं नाव वडलांचं आणि आपलं जोडून 'जय जय राम मनोहरलाल'. खाली सही करताना त्यांनी दुकानाचं नाव लिहिलं आणि लिहिणारा हात मनोहरलालचा आहे हेही प्रामाणिकपणे लिहिलं. समोरच्यांनी मुद्दा काढला, ही तर नोंदणी नसलेली फर्म, तिला दावा लावताच येत नाही.

१९५२ साली दुरुस्तीचा अर्ज झाला. नैनितालच्या कोर्टानं तो मंजूर केला. अलाहाबाद हायकोर्टानं मात्र, असा माणूसच अस्तित्वात नाही म्हणून दावाच उडवला. शेवटी १९६९ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती जे. सी. शाह यांनी तो पुन्हा उभा केला आणि सांगितलं की, प्रक्रियेचे नियम न्यायाच्या मदतीसाठी असतात, नुसती चूक झाली, हयगय झाली म्हणून कुणाचा हक्क बुडवू नये. मोठं सुंदर निकालपत्र आहे. वाचताना एकच गोष्ट मनात येते, की लाकूड १९५० च्याही आधीचं होतं. त्याची दारं-खिडक्या झाल्या असतील, त्यांना वाळवी लागली असेल आणि बदलूनही झाल्या असतील, तोवर इकडे सही कुणाच्या हातची यावर काम चाललेलं.

या एका निकालपत्रावर देशभरातले वकील आजही नावं दुरुस्त करून घेतात. २०१९ साली सुप्रीम कोर्टापर्यंत असंच एक दिल्लीचं प्रकरण गेलं. एका कपड्यांच्या कंपनीनं संचालकामार्फत दावा लावायचा होता. टाइप होताना शब्द उलटसुलट झाले आणि संचालकानंच कंपनीच्या संचालकामार्फत दावा लावला असं दिसू लागलं, म्हणजे माणूस स्वतःच स्वतःमार्फत कोर्टात आला. खालच्या दोन्ही कोर्टांनी दुरुस्ती नाकारली, सुप्रीम कोर्टानं दिली.

कायद्याच्या या मोठेपणाला एक हद्द आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. नाव दुरुस्त करता येतं, माणूस बदलता येत नाही. म्हणजे तोही बदलता येतो, पण मग ती दुरुस्ती राहत नाही, नवा पक्षकार होतो. मुदतीच्या कायद्याचं कलम २१ सांगतं की नव्यानं आणलेल्या माणसापुरता दावा तो आला त्या दिवशी लागला असं धरायचं. मधे मुदत संपली असेल तर त्याच्यापुरता दावा गेला. चूक शुद्ध हेतूनं झाली असं कोर्टाला पटलं तर आधीची तारीख मिळू शकते, पण ते पटवावं लागतं. म्हणून चुकीचं नाव सापडलं की समोरचा वकील पहिल्यांदा हेच म्हणतो की, हा तो माणूसच नव्हे.

मराठी नावांत ही कसोटी लावायची तर बापाच्या नावाकडे बघावं. आडनाव चुकलं तर फारसं बिघडत नाही, सगळी गल्लीच एका आडनावाची असते. पहिलं नाव 'सो' की 'साहेब' याची कोर्टाला आता सवय झाली आहे. पण मधलं नाव हलवलं की माणूस हलतो. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे दोन चुलत घरांत मिळून एका वेळी तीन बाळासो नांदतात आणि त्यांना वेगळं काढायचं साधन बापाचं नाव एवढंच. आमच्या प्रकरणात तीन चुकांपैकी खरी जोखीम या 'ज्ञानू'ची होती. ज्ञानू नावाचे चुलते खरोखर होते. त्यांना बाळासाहेब नावाचा मुलगा असता तर पाच सामनेवाल्यांच्या याचिकेत सहावा आणि तोही भलताच माणूस शिरला असता. नशिबानं ज्ञानू चुलत्यांना मुलीच होत्या. वारसांच्या फेरफारात तसं स्पष्ट लिहिलं होतं. तो फेरफार मी अर्जाला जोडला. आयुष्यात फेरफाराचा इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

दुसरा आधार त्याहून बळकट होता. आव्हान दिलेल्या हुकुमाच्या डोक्यावर खालच्या कोर्टाचं शीर्षक असतं आणि त्यात 'बाळासो ज्ञानदेव पोवार' हे नाव बरोबर होतं. तोच हुकूम, तोच दावा, तोच अनुक्रमांक चार. याचिकेत नाव काहीही पडो, रोख कुणावर होता याबद्दल शंका राहत नाही. गंमत उलट बाजूनं होते. खालच्या कोर्टातच नाव चुकलेलं असेल आणि वर याचिकेत ते शहाणपणानं बरोबर लिहिलं असेल, तर वर हरकत निघते की खाली या नावाचा पक्षकार नाही. अशा वेळी आधी खाली जाऊन दुरुस्त करून यावं लागतं, किंवा मधे 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं एका माणसाच्या डोक्यावर ठेवावी लागतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोर्टांचं निम्मं काम 'ऊर्फ' या शब्दावर चाललंय असं मला कधी कधी वाटतं. सातबाऱ्यावरच चुकलं असेल तर मात्र ऊर्फनं भागत नाही. तिथे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे. 'लेखनप्रमाद' हा शब्द अर्जात बरोबर लिहून आणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि सातबाऱ्यावरून नावं उतरवताना ज्याची चौकशी करावीच करावी अशी गोष्ट म्हणजे माणूस जिवंत आहे का. सातबाऱ्यावर माणसं फार दीर्घायुषी असतात. मेलेल्या माणसाविरुद्ध याचिका लावली तर ती स्पेलिंगची चूक होत नाही. त्याचं औषध वेगळं, वारसांना आणणं वेगळं, आणि तिथे कोर्टाचा स्वरही वेगळा लागतो.

हे सगळं पूर्वी मुंबईला चालायचं. इथून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या घरात. एका काना-मात्रेसाठी कारकुनानं रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनातच तोंड धुवायचं, फोर्टात जाऊन लाल पेननं एक शब्द खोडायचा आणि रात्री परत गाडीला बसायचं. खर्च पक्षकाराचा. एका अक्षराला रिझर्व्हेशन, टॅक्सी, वडापाव आणि चहा. कोल्हापूरच्या वकिलांनी खंडपीठासाठी चार दशकं मोर्चे काढले, उपोषणं केली, काम बंद ठेवलं. त्यांच्या भाषणांत न्याय दारी यावा वगैरे असायचं. कारकुनांना विचाराल तर त्यांची मागणी एवढीच होती की नाव खोडायला रात्रीची गाडी लागू नये. १७ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, जुन्या जिल्हा कोर्टाच्या इमारतीत काम सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिथे येतात. सहा जिल्ह्यांच्या वेलांट्या आता भाऊसिंगजी रोडवर सुधारतात.

प्रत्यक्ष परवानगी मिळायला किती वेळ लागला म्हणाल तर आमच्या आधीच्या प्रकरणाच्या वकिलांनी बंद फायली पिशवीत भरेपर्यंत. हायकोर्टात स्पेलिंगसाठी बहुतेक वेळा लेखी अर्जसुद्धा लागत नाही, तारखेला उभं राहून तोंडी मागितलं तरी मिळतं. आमच्याकडे बापाचं नाव गुंतलं होतं म्हणून मी लेखी केला. न्यायमूर्तींनी फेरफार बघितला, खालच्या कोर्टाचं शीर्षक बघितलं आणि हुकूम सांगितला: दुरुस्तीची परवानगी, दुरुस्ती एका आठवड्यात करावी, नव्यानं व्हेरिफिकेशनची गरज नाही. तालुक्याच्या कोर्टात हेच असतं तर अर्जाला निशाणी नंबर पडला असता, समोरच्याला 'से' द्यायला सांगितलं असतं, त्यांनी से द्यायला मुदत मागितली असती, आणि से आल्यावर त्यात 'वादीने पुरेशी दक्षता घेतली नाही' हे वाक्य असतं. २००२ साली नियम १७ ला जे परंतुक जोडलं गेलं ते पुरावा सुरू झाल्यानंतरच्या दुरुस्तीसाठी आहे. पण वाक्य तयार आहे म्हणून ते कानामात्रेलाही लावतात.

हुकूम मिळाला म्हणजे नाव सुधारलं, असं तात्यांना वाटलं. त्यांनी कोर्टाबाहेर सगळ्यांना चहा पाजला. हुकूम म्हणजे सुधारायची परवानगी. सुधारायचं आपणच असतं, आणि तेही मुदतीत. हुकुमात दिवस सांगितले नसतील तर संहितेचा नियम १८ चौदा दिवस देतो. तेवढ्यात केलं नाही तर परवानगी वाया, आणि पुन्हा मुदत वाढवून मागायला उभं राहायचं. नाव चुकण्यापेक्षा या दुसऱ्या उभं राहण्याचीच लाज वकिलाला जास्त वाटते.

हे काम आमच्याकडे मामा करतात. मामा म्हणजे ऑफिसचे कारकून. त्यांचं खरं नाव वकीलपत्रावर कधी येत नसल्यामुळे ते आजवर कुठेच चुकलेलं नाही. मामांची पद्धत बघण्यासारखी आहे. लाल पेन, पट्टी आणि चष्मा. व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, अक्षरावर अक्षर गिरवायचं नाही. जुन्या शब्दावर एकच सरळ रेघ, खालचा चुकलेला शब्द वाचता आला पाहिजे अशी. वरती नवा शब्द, समासात 'अमुक तारखेच्या हुकुमाप्रमाणे' आणि खाली वकिलाची छोटी सही. म्हणजे उद्या कुणी विचारलं की आधी काय होतं, कधी बदललं आणि कुणाच्या हुकुमानं, तर तिन्ही उत्तरं त्याच पानावर. कोर्ट चूक पुसू देत नाही, सुधारून तिथेच ठेवायला सांगतं. बाळासाहेब पवार त्या पानावर लाल रेघेखाली कायम राहायला आलेत.

लाल पेन टेकवण्याआधी मामांनी हुकूम पुन्हा वाचला आणि विचारलं, "साहेब, परवानगी नुसत्या टायटलला हाय का आतबी?" त्यांना कोर्टात चाळीस वर्षं झाली आहेत ती उगाच नव्हे. नाव फक्त पहिल्या पानावर नसतं. तिसऱ्या परिच्छेदात वंशावळ सांगताना असतं, घटनाक्रमात असतं, प्रतिज्ञापत्रात असतं, पत्त्यांच्या यादीत असतं. नुसती कॉज टायटलची परवानगी घेतली तर पहिल्या पानावर पोवार आणि तिसऱ्या परिच्छेदात पवार, म्हणजे आता खरोखरच दोन माणसं झाली. म्हणून मागतानाच 'शीर्षकात आणि मजकुरात जिथे जिथे येईल तिथे' असं मागायचं. आम्ही तसं मागितलं होतं. मामांनी मान हलवली. त्यांची मान हललेली बघून मला बार कौन्सिलची सनद मिळाली त्या दिवसासारखं वाटलं.

मग ते म्हणाले, "आन आयएचं काय?" याचिकेबरोबर स्थगितीसाठी एक अंतरिम अर्ज असतो, इंटरिम ॲप्लिकेशन. त्याला स्वतःचं वेगळं पहिलं पान असतं. टायपिस्टनं तिथेही तेच तीन शब्द तितक्याच शांतपणे ठेवले होते. तीही परवानगी होती. मग कोर्टाची मूळ प्रत, समोरच्या प्रत्येकाची प्रत, आपली ऑफिस कॉपी, आणि ई-फायलिंगला चढवलेली पीडीएफ. पीडीएफवर लाल पेन चालत नाही, तिथे सुधारलेली प्रत नव्यानं चढवावी लागते.

इतकं होऊनही बोर्डावर बाळासाहेब पवारच. कारण कागद सुधारला म्हणून संगणक सुधारत नाही. याचिका दाखल होताना पक्षकारांची नावं केस इन्फर्मेशन सिस्टीममध्ये भरतात, आणि बोर्ड, नोटीस, हुकुमाचं डोकं हे सगळं पुढे त्याच नोंदीवरून निघतं. सुधारलेली प्रत आणि हुकूम घेऊन जाऊन ती नोंद बदलायला सांगावी लागते आणि बदलली का हे स्वतः बघावं लागतं. पक्षकार फोनवर नावानं शोधतात, केस सापडत नाही, आणि रात्री अकराला विचारतात की आपली केस गेली की काय. त्यांना मी सांगतो, सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर पाठ करा, नावावर जाऊ नका.

मधल्या तारखेला स्थगितीचा एक हुकूम झाला होता. त्यात जुनंच नाव. हुकुमातली टायपिंगची चूक सुधारायला मुंबई हायकोर्टात 'स्पीकिंग टू द मिनिट्स' म्हणून सोय आहे. प्रिसिपी टाकायचा, बोर्डावर लावून घ्यायचं आणि चूक दाखवायची. ती फक्त लेखनाच्या चुकीसाठी. हुकूमच पटला नाही म्हणून तिथे वाद घालायला गेलं तर परत पाठवतात. आमचा पेच असा की हुकुमानं काही चुकवलंच नव्हतं, त्यानं याचिकेतलं नाव जसंच्या तसं उतरवलं होतं. त्यामुळे आधी याचिका सुधारल्याचं दाखवायचं आणि मग हुकूम सुधारून मागायचा, हा क्रम उलटवता येत नाही. हे करायलाच हवं होतं, कारण हुकूम शेवटी गावात जातो. तिथला तलाठी निकालपत्रातला युक्तिवाद वाचत नाही, पण नाव अक्षरन् अक्षर ताडून बघतो, आणि एक मात्रा कमी भरली तर नमस्कार करून परत पाठवतो.

नवी नोटीस घेऊन बेलीफ पुन्हा गेला. बाळासोंनी चष्मा लावला, तिन्ही शब्द बोट ठेवून वाचले, आणि मान्य केलं की हो, हा मीच. सही केली. सही इंग्रजीत होती आणि तिच्यातलं आडनाव P-a-w-a-r असं होतं. बँकेत खातं उघडताना तिथल्या माणसानं तसं लिहिलं, तेव्हापासून सही तशीच, असं त्यांनी बेलिफाला सांगितलं म्हणे. मामांनी ती सही बराच वेळ उजेडाकडे धरून बघितली, आणि नोटीस बजावल्याचं प्रतिज्ञापत्र करताना 'ऊर्फ' घालायचं का, असं मला विचारलं. मी नको म्हणालो.

तात्या संध्याकाळी आले. नाव सुधारलं, नोटीस लागली, हुकूम सुधारला, सगळं त्यांना सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "मग मोजणी कवा?"

"तात्या, मोजणी व्हायला आधी याचिका ऐकायला लागंल न्हवं," मामा म्हणाले.

"म्हंजे? आजून ऐकलीच न्हाई?"

"आत्ता कुठं सामनेवाला मिळून आलाय."